झेंडा आधी काठीकडून वाचा

2018 साली बर्मिंगहॅमच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत आयव्हरी कोस्टच्या म्युरिएल आहुरेने 60 मीटरची शर्यत जिंकली. आनंद साजरा करायला देशाचा झेंडा मात्र हाताशी नव्हता. प्रेक्षकांतून तिने आयर्लंडचा झेंडा मागून घेतला, उलटा फिरवून धरला आणि वेळ निभावून नेली.

आयर्लंडचे उभे पट्टे हिरवा, पांढरा, नारिंगी. आयव्हरी कोस्टचे नारिंगी, पांढरा, हिरवा. मात्र हा क्रम काठीपासून मोजायचा. फडकता झेंडा मागून पाहिला की डावं-उजवं बदलतं, म्हणून आधी काठी शोधावी. तिला हिरवा पट्टा लागून असेल तर आयर्लंड. नुसतं कापड हातात आलं तर दोरी ओवायची जाड पट्टी किंवा कड्या कुठल्या कडेला आहेत ते बघावं.

आहुरेच्या हातातला झेंडा तरीही ओळखता आला असता. आयर्लंडच्या झेंड्याची लांबी उंचीच्या दुप्पट असते, आयव्हरी कोस्टची दीडपट. त्यामुळे आयव्हरी कोस्टचा प्रत्येक पट्टा रुंदीच्या बरोबर दुप्पट उंच, तर आयर्लंडचा जेमतेम दीडपट. पट्टा सडपातळ दिसतो की ऐसपैस, एवढं पाहिलं तरी पुरतं. अर्थात, आयोजकांनी सगळ्या देशांचे झेंडे एकाच मापाचे शिवून घेतले की ही खूण गेलीच.

आडव्या पट्ट्यांना पाठ-पोट नसतं, मागूनही ते तसेच दिसतात. तिथे घोटाळा होतो तो वरची बाजू खाली गेल्यावर. इंडोनेशियाचा लाल वर, पांढरा खाली. पोलंडचं नेमकं उलट. 2017 साली क्वालालंपूरच्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेच्या स्मरणपुस्तिकेत इंडोनेशियाचा झेंडा उलटा छापला गेला आणि यजमान मलेशियाला माफी मागावी लागली. मोनाकोचा झेंडाही लाल वर, पांढरा खाली असाच. फरक आकाराचा: मोनाकोचा 4:5, म्हणजे चौकोनाकडे झुकणारा, तर इंडोनेशियाचा 2:3.

रंगछटेवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. चाड आणि रोमानिया दोघांचेही निळा, पिवळा, लाल असे उभे पट्टे, प्रमाणही दोघांचं 2:3. चाडचा निळा जरा गडद, पण उन्हाने विटलेल्या कापडावर किंवा स्वस्त छपाईत तो फरक उरत नाही. पूर्वी रोमानियाच्या पिवळ्या पट्ट्यावर साम्यवादी राजचिन्ह असे, त्यामुळे गोंधळ नव्हता. डिसेंबर 1989च्या उठावात लोकांनी ते चिन्ह कात्रीने कापून काढलं आणि मधोमध भोक पडलेले झेंडे घेऊन ते रस्त्यावर उतरले. पुढे चिन्हाविना नवा झेंडा शिवला गेला, तो चाडसारखाच निघाला.