हळद किती पिवळी?

हळदीचा व्हिडिओ एडिट करणाऱ्याकडे बऱ्याचदा साधाच लॅपटॉप असतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत पडद्यापुढे '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे वेबसाठी ठरलेल्या एसआरजीबी रंगांपैकी ढोबळमानाने 60 ते 65 टक्केच तो दाखवू शकतो. झेंडू त्यावर फिका दिसतो, म्हणून एडिटर सॅच्युरेशन वाढवत राहतो. मग तीच फाइल नवरीच्या भावाच्या ओलेड फोनवर 'व्हिव्हिड' मोडमध्ये उघडते आणि पिवळा रंग अंगावर येतो.

उजेडाचीही हीच गत. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पूर्ण ठेवून बसलं की सगळंच लख्ख वाटतं, म्हणून चित्र खाली ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, चेहरे काळे आलेत.

कॅलिब्रेशनचं यंत्र नसेल, तर पडदा अचूक होणार नाही. पण तो कामाच्या मध्येच बदलणार नाही एवढं पाहता येतं. नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद करावा. काही लॅपटॉप बॅटरीवर असताना परस्पर कॉन्ट्रास्ट बदलतात, तेव्हा चार्जर लावूनच बसावं. खोलीत दिवा ठेवावा. पडद्यावर कोरं पान उघडून शेजारी पांढरा कागद धरावा आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस फिरवावा.

रंगाचा निवाडा मात्र डोळ्यांवर न सोडता स्कोपवर करावा. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही पॅरेड असतो: लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख शेजारी शेजारी. झेंडूच्या माळेत लाल-हिरवा वर आणि निळा खाली असणारच. पण निळा तळाला टेकून सपाट झाला, तर पाकळ्यांमधले बारकावे जातात आणि फुलाचा नुसता पिवळा ठिपका उरतो. पडदा तुम्हाला हे सांगणार नाही, आलेख सांगतो. अशा वेळी सॅच्युरेशन कमी करावं.

त्वचेसाठी व्हेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या दरम्यान एक रेघ असते. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचेचा रंग तिच्या आसपास पडतो. फक्त हळद माखलेल्या नवरीचा चेहरा मापाला घेऊ नये, तो पिवळ्याकडे सरकलेलाच असणार. कडेला उभ्या, हळद न लागलेल्या मावशीचा चेहरा घ्यावा. पांढऱ्या शर्टावर तिन्ही आलेख एका पातळीत आणण्याचा मोहही इथे आवरावा. पिवळ्या मांडवाखाली शर्टावर पिवळी झाक असतेच. ती पुसली तर हळदीची मजाच जाते.

फोन शेवटी, आणि शक्यतो दोन: एक 'नॅचरल' मोडवर, एक गिऱ्हाइकाकडे असतो तसा 'व्हिव्हिड'वर, दोन्हींचा ब्राइटनेस निम्म्यावर. चेहरे दोन्हीकडे काळे दिसले तर दुरुस्ती करावी. पिवळा एकाच फोनवर भडक दिसत असेल आणि स्कोप ठीक असेल, तर फाइलला हात लावू नये. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.