९८ टक्क्यांचा धोका

सीओपीडीच्या रुग्णाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. अनुभवी सिस्टर मात्र तो आकडा पाहून रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळते. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, अशा रुग्णांसाठी लक्ष्य ८८ ते ९२ टक्क्यांचेच असते.

समजा, ६८ वर्षांच्या एक आजी आहेत. सारा जन्म चुलीच्या धुरात गेलेला. संध्याकाळी दाखल झाल्या तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसल्या होत्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होत्या, दोन-तीन शब्दांनंतर थांबत होत्या. श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ८४ टक्के. घाईत साधा मास्क लावून ८ लिटर ऑक्सिजन सुरू झाला. दोन तासांनी आकडा ९८, श्वास १४. "बरं झालं, जरा डोळा लागला," असे मुलगी म्हणते.

सिस्टर हाक मारते, "आजी, डोकं दुखतंय का?" उत्तर असंबद्ध येते. हात गरम आहेत, नाडी जोरात उडते आहे. हात पुढे धरून मनगटे वर उचलायला सांगितली, तर ती फडफडून खाली पडतात. ही झोप नव्हे, ही कार्बन डायऑक्साइडची गुंगी. सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलावते. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत हा वायू ७० येतो (एरवी तो ३५ ते ४५ असतो) आणि रक्त आम्लधर्मी झालेले दिसते. ऑक्सिमीटर यातले काहीच दाखवत नाही.

असे का होते? फुप्फुसाच्या खराब भागात हवा नीट पोहोचत नाही, म्हणून शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवते. जादा ऑक्सिजन मिळाला की त्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त पुन्हा अशा जागी जाते, जिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन हा वायू कमी वाहून नेते. श्वासाची प्रेरणा मंदावणे हेही एक कारण आहे, पण जुन्या पुस्तकांनी सगळा दोष त्यालाच दिला, तेवढा तो नाही.

आता मास्क एकदम काढून टाकणे ही दुसरी मोठी चूक ठरेल. साठलेला वायू लगेच जात नाही आणि ऑक्सिजन पूर्वीपेक्षाही खाली कोसळतो. म्हणून आजींना २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क लावला जातो. त्याच्या अरुंद तोंडातून ऑक्सिजन वेगाने जाताना बाजूच्या खिडक्यांतून ठरावीक हवा ओढून घेतो. त्यामुळे रुग्ण जोरात श्वास घेवो की हळू, मिळणारे प्रमाण जवळपास तेच राहते. खिडक्यांवर पांघरूण आले तर मात्र प्रमाण बिघडते. रंगीत तुकड्याचा रंग कंपनीप्रमाणे बदलू शकतो, म्हणून त्यावर लिहिलेली टक्केवारी आणि लिटर वाचूनच प्रवाह लावायचा. अर्ध्या ते एका तासात रक्त पुन्हा तपासतात. आम्लता कायम राहिली तर बायपॅप लागतो.

नाकातली नळी सोयीची आहे, जेवता-बोलता येते. पण १ किंवा २ लिटरवर नेमके किती टक्के मिळतात, हे रुग्ण कसा श्वास घेतो यावर ठरते. साधा मास्क ५ लिटरच्या खाली चालवू नये, कारण सोडलेला वायूच परत आत जातो. पिशवीचा मास्क जीव धोक्यात असलेल्या रुग्णासाठी. तेव्हा सीओपीडी आहे म्हणून हात आखडता घ्यायचा नसतो. ऑक्सिजनअभावी मृत्यू फार लवकर येतो. रुग्ण सावरला की मग प्रवाह कमी करत आणायचा.

या साऱ्याचा आधार म्हणजे नोंद. "ऑक्सिजन ९० टक्के" एवढेच लिहिले तर पुढच्या पाळीला काही कळत नाही. "रात्री ११. ऑक्सिजन ९० टक्के, व्हेंच्युरी २८ टक्के, ४ लिटर. श्वास २२, पूर्ण मिनिट मोजला. मानेचे स्नायू वापरते. हाकेला जागी होते, पूर्ण वाक्य बोलते. दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज." अशी नोंद हवी. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, नाडी धरल्यासारखे करून छाती पाहावी. शिट्टीचा आवाज अचानक थांबला आणि रुग्ण थकलेला दिसला, तर ती सुधारणा समजू नये. हवाच आत-बाहेर होत नसल्याची ती खूण असू शकते.

टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदान पक्के झालेल्या सीओपीडी रुग्णांपैकी भरपूर ऑक्सिजन मिळालेल्यांत सुमारे ९ टक्के दगावले, ८८ ते ९२ मध्ये ठेवलेल्यांत सुमारे २ टक्के. म्हणून आजींना घरी सोडताना त्यांच्या कार्डावर "लक्ष्य ८८ ते ९२" असे लिहावे आणि पुढच्या वेळी रुग्णवाहिकेत चढताच ते दाखवायला मुलीला सांगावे.