तोट्याच्या ओळीतले स्वल्पविराम

सोलापूरच्या एका वाचक बाईंनी गेल्या वेळचं लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचं सूत्र आपल्या एक्सेलच्या नफातोटा पत्रकाला लावलं. विक्री 45,60,000.00 अशी छान उमटली आणि खाली तोटा आला तो -1,234,567.50 असा. एकाच रकान्यात वर लाख, खाली मिलियन! 'माझं काय चुकलं?' असं त्या विचारतात. बाई, तुमचं काहीच चुकलेलं नाही.

सूत्र पुन्हा बघू:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

चौकटी कंसातल्या अटी एक्सेल फक्त दोनच घेतं. त्या आपण कोटी आणि लाख यांच्यावर खर्च केल्या. उरलेलं सगळं तिसऱ्या भागात जातं, आणि उणे बारा लाख ही संख्या काही एक लाखापेक्षा मोठी नाही. त्या भागातल्या स्वल्पविरामामागे तिरकी रेघ नाही, म्हणून तो एक्सेलचा स्वतःचा, तीन-तीन अंकांनी पडणारा.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये 12,34,56,789 ही मांडणी निवडली, की साधं `#,##0.00` सुद्धा उणे रकमांसकट लाख-कोटी दाखवतं. पण ती मांडणी संगणकाची, फाइलची नव्हे. हीच फाइल सिंगापूरच्या भागीदाराने उघडली, की पुन्हा मिलियन. म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

मी मूळ सूत्र तसंच ठेवतो आणि उणे रकमांसाठी त्यावर कंडिशनल फॉरमॅटिंगचे तीन नियम चढवतो. पहिला -10000000 किंवा त्याहून कमी रकमेसाठी, दुसरा -100000 किंवा कमीसाठी, तिसरा शून्याखालच्या बाकीच्यांसाठी. प्रत्येक नियमाच्या नंबर फॉरमॅटमध्ये अनुक्रमे हे:

```
0.00;(##\,##\,##\,##0.00)
0.00;(##\,##\,##0.00)
0.00;(#,##0.00)
```

अर्धविरामानंतरचा भाग उणे रकमेचा. तिथे एक्सेल उण्याची खूण आपणहून लावत नाही, म्हणून तोटा कंसात येतो, (12,34,567.50), ताळेबंदात शोभेल असा. नियमांचा क्रम मात्र हाच ठेवा. शून्याखालचा नियम वर गेला तर सगळा तोटा तोच गिळतो आणि पुन्हा मिलियन, (1,234,567.50).

एक खोड मला फार उशिरा सापडली. पत्रकात एकदा 100,000.00 अशी एकुलती एक रक्कम दिसली. सूत्र बरोबर, रक्कम उणे नाही, मग हे काय? खणात खरी संख्या होती 99999.996. एक्सेल अट तपासतं ती खऱ्या संख्येवर. ती लाखाच्या आत, म्हणून तिसरा भाग. दोन दशांशांवर पूर्णांकन होतं ते त्यानंतर, दाखवताना. टक्क्याने काढलेल्या रकमांत हे होतं. म्हणून खणातच `=ROUND(B7*18%,2)` असं लिहा, म्हणजे दिसणारी रक्कम आणि असणारी रक्कम एकच राहील.