बर्फाच्या गोळ्याची सात मिनिटं

उन्हाळ्यात टाकीचं पाणी सहज 30 अंशांवर जातं. अशा पाण्याने भरलेल्या बादलीत मोठ्या लिंबाएवढा, पाच सेंटिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा टाकला, तर तो पूर्ण वितळायला किती वेळ लागेल? हा प्रश्न मी घरात टाकला तेव्हा वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंतची उत्तरं आली. अंदाज बांधायचे म्हणून बांधले होते. कोणी हिशेब केला नव्हता. हिशेब तसा अवघडही नाही. त्यातला एक आकडा अगदी पक्का आहे आणि दुसरा भलताच चंचल, आणि खरी मजा त्या चंचल आकड्यात आहे.

पक्का आकडा आधी घेऊ. बर्फ शून्य अंशावर आला म्हणजे लगेच पाणी होत नाही. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायलाही उष्णता लागते, आणि ती तापमापीवर कुठे दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760च्या दशकाच्या सुरुवातीला ती फार साध्या रीतीने पकडली. दोन सारखी काचपात्रं घेतली, एकात गोठणबिंदूच्या जेमतेम वरचं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ, आणि दोन्ही एकाच थंड दालनात ठेवून दिली. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइटने तापलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला पोचायला साडेदहा तास लागले. त्या एकवीस अर्ध्या तासांत आत गेलेली जवळजवळ सगळी उष्णता नुसत्या वितळण्यातच खर्ची पडली होती.

आजच्या मोजमापात एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापलं असतं. आपल्या गोळ्याचं वजन भरतं साधारण 60 ग्रॅम. म्हणजे त्याला 20 किलोज्यूल हवेत. हे देणं ठरलेलं आहे, त्यात घासाघीस नाही. प्रश्न एवढाच, की ते किती वेगाने चुकतं केलं जाईल.

उष्णता गोळ्यात शिरते ती फक्त पृष्ठभागातून. तिचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. पाणी बर्फापेक्षा किती गरम आहे, ही एक. इथे तो फरक 30 अंशांचा. दुसरी म्हणजे पाणी बर्फाच्या अंगाला उष्णता किती तत्परतेने आणून देतं. या तत्परतेच्या मापाला अभिसरण गुणांक म्हणतात. पृष्ठभागाच्या एक चौरस मीटरमधून, दर एका अंशाच्या फरकामागे, किती वॉट उष्णता आत जाते ते हा गुणांक सांगतो. स्थिर ठेवलेल्या बादलीत, एवढ्या गोळ्यासाठी, तो 500च्या आसपास येतो. हे 500 कुठून आले ते पुढे सांगतो. तूर्त मान्य करून चला.

आता गोळ्याकडे कांद्यासारखं बघा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सारखीच उष्णता येते आहे, म्हणून सगळीकडून सारख्याच जाडीचं साल निघतं. गोळा लहान झाला की पृष्ठभाग घटतो, त्यामुळे आत येणारी एकूण उष्णता घटते. पण पुढचं साल काढायला लागणारा बर्फही त्याच प्रमाणात घटलेला असतो. म्हणून गुणांक बदलला नाही, तर मिनिटाला निघणाऱ्या सालीची जाडी शेवटपर्यंत तीच राहते. वितळायला लागणारा वेळ म्हणजे त्रिज्या भागिले सालीचा वेग. सूत्रात लिहिलं तर:

t = ρLR / (hΔT)

यात ρ ही बर्फाची घनता, 917 किलो प्रति घनमीटर, L हा अप्रकट उष्मा, R त्रिज्या, h अभिसरण गुणांक, आणि ΔT तापमानातला फरक. आकडे घातले की सालीचा वेग मिनिटाला तीन मिलिमीटरच्या थोडा आत निघतो. 25 मिलिमीटर त्रिज्या संपायला साडेआठ मिनिटं.

पाऊण तास म्हणणारे इथेच हरले. तरी साडेआठ हेही शेवटचं उत्तर नाही.

कारण तो 500चा आकडा. समजा बादलीतलं पाणी जेलीसारखं जागच्या जागी थिजलेलं असतं, जराही हललं नसतं. मग उष्णता एका थरातून दुसऱ्यात झिरपत, फक्त वहनाने, गोळ्यापर्यंत आली असती. पाणी या कामात फार मंद असतं. तो हिशेब केला तर हाच गोळा दीड तास टिकतो. साडेआठ मिनिटं आणि दीड तास यांच्यातला सगळा फरक पाण्याच्या वाहण्याने पडतो.

हे वाहणं डोळ्यांना दिसू शकतं. खायच्या रंगाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्याचा गोळा जमवा आणि काचेच्या उभ्या बरणीत, कोमट पाण्यात, अलगद सोडा. बाहेरून ढवळायचं नाही. काही क्षणांत गोळ्याच्या अंगावरून रंगीत पाण्याचा पातळ पदर खाली ओघळू लागतो, बुडाशी एकत्र येतो आणि तिथून एक लालसर धागा सरळ तळाकडे उतरतो. तळाला टेकल्यावर तो पसरतो. बर्फालगतचं पाणी थंड होऊन जड होतं आणि खाली घसरतं. त्याची जागा घ्यायला बाजूचं ताजं कोमट पाणी आत येतं. गोळा वितळतोय म्हणूनच हा पंप चालतो. दुसरी कुठली मोटर नाही.

पाण्याचा चिकटपणा, तापल्यावर प्रसरण पावण्याची त्याची वृत्ती, उष्णतावहन आणि गोळ्याचा व्यास एवढ्या गोष्टी एकत्र करून अभियंत्यांनी प्रयोगांवर बसवलेली सूत्रं आहेत. पाच सेंटिमीटरचा गोल आणि 30 अंशांचा फरक यांसाठी त्यांतून 500च्या किंचित वरचा आकडा मिळतो. त्या सूत्रांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे: गोळा जितका लहान, तितका अंगालगतचा थंड पदर पातळ, आणि गुणांक तितका मोठा. म्हणजे गोळा झिजतो तशी साल निघायची गती वाढत जाते. ही वाढ हिशेबात धरली की एकूण वेळ स्थिर गुणांकाच्या वेळेच्या चार पंचमांश होतो. साडेआठची पावणेसात मिनिटं होतात. मी सात म्हणतो, कारण यापेक्षा जास्त काटेकोरपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. अशा सूत्रांचा गुणांक दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होणं मी गृहीतच धरतो.

यातूनच मोठ्या गोळ्याचंही कळतं. व्यास दुप्पट केला तर बर्फ आठपट होतो, पण आयुष्य वाढतं ते जेमतेम अडीचपटीपर्यंत.

पुस्तकातल्या गुणांकावर विश्वास नसेल तर तो घरी काढता येतो. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि घड्याळ पुरे. फ्रीजरमधून गोळा काढल्या काढल्या पाण्यात टाकू नका. तो उणे 18 अंशांवर असतो, आणि शून्यापर्यंत यायलाच अप्रकट उष्म्याच्या सुमारे 11 टक्के उष्णता खातो. सुरुवातीला तर उलट त्याच्याच अंगावर नवा बर्फ धरू शकतो. जाळीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आधी पांढुरकं दहिवर येईल, मग अंग ओलं, चकचकीत दिसू लागेल. ते दिसलं की गोळा आतपर्यंत शून्याच्या आसपास आला असं समजायचं. पुसून वजन करा, बादलीत सोडा, बरोबर दोन मिनिटांनी झाऱ्याने काढा, पुसा, पुन्हा वजन करा.

समजा 60 ग्रॅमचे 26 राहिले. वजन त्रिज्येच्या घनावर चालतं, म्हणून 26 भागिले 60चं घनमूळ काढायचं: 0.76. त्रिज्या 25 मिलिमीटरवरून 19वर आली, दोन मिनिटांत सहा मिलिमीटर गेली. हे वरच्या सूत्रात उलटं घातलं की गुणांक 500च्या जवळपास येतो. या उदाहरणात आणखी एक गोष्ट नजरेत भरते: दोन मिनिटांत निम्म्याहून जास्त बर्फ गेला. गोलाचा बहुतेक माल बाहेरच्या सालीतच असतो. त्यामुळे अर्धा गोळा गेलाय, आता अर्धा वेळ उरला, असा डोळ्यांचा अंदाज नेहमीच फसतो.

उत्तर दोन मिनिटांच्या आतच संपलं, तर कुणीतरी पाणी ढवळलेलं असणार. चमच्याने पाणी सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने फिरवलं तर गुणांक तिपटीहून वर जातो आणि सात मिनिटांचा गोळा पावणेदोन मिनिटांत नाहीसा होतो. सरबतात चमचा फिरवला की ते लवकर गार होतं, त्यामागेही हेच.

उलट उत्तर फार लांबलं तर भांडं बघा. पंधरा लिटरच्या बादलीचं तापमान या गोळ्याने अर्ध्या अंशानेही उतरत नाही, म्हणून 30चा फरक कायम धरणं चालतं. एक लिटर पाणी घेतलं तर ते शेवटी 24 अंशांवर येतं. हिशेब थोडा ताणावा लागतो. पण पाव लिटरच्या पेल्यात तेच पाणी नऊ अंशांच्या खाली उतरतं. तिथे हे सूत्र जसंच्या तसं वापरलं तर उत्तर फार कमी येईल, कारण फरक सतत घटतो आहे. शिवाय गार पाणी तळाशी साचतं. गोळा तरंगत असेल तर त्याला वरचं कोमट पाणी मिळत राहतं. जाळीने तळाशी दाबून धरला तर तो आपणच केलेल्या गारव्यात बसतो आणि रेंगाळतो.

तरंगण्याचाही हिशेबाला थोडा उपद्रव होतो. बर्फाचा साधारण बारावा भाग पाण्याबाहेर राहतो, आणि हवा पाण्याच्या मानाने उष्णता फारच कंजूषपणे देते. खालची बाजू झिजते, वरची टोपी तशीच राहते, तोल जातो आणि गोळा मध्येच कोलांटी मारतो. त्यानंतर त्याला गोल म्हणणं म्हणजे त्याचा मान राखणं.

आणि पाणी मुळातच गार असेल तर? पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे चार-पाच अंशांच्या पाण्यात बर्फालगतचं शून्याजवळचं पाणी उलट हलकं ठरतं आणि वर चढतं. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उभ्या बर्फाचे तुकडे वेगवेगळ्या गारव्याच्या पाण्यात वितळवले. पाच अंशांखाली बर्फ खाली टोक असलेल्या सुळक्यासारखा झिजला, सात अंशांच्या वर टोक वर आलं, आणि मधल्या पट्ट्यात वर आणि खाली जाणारे प्रवाह एकमेकांना भिडून अंगावर खळगे पडले. त्या पट्ट्यात एकच गुणांक धरून केलेला हिशेब चालत नाही. गोळ्याच्या वरच्या भागाचा वेगळा आणि खालच्या भागाचा वेगळा मोजावा लागतो.