एक पाय आखूड असेल तर उंची कशी मोजावी?

समजा, दहा वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडून जुळले, पण डावा पाय दोन सेंटिमीटर आखूड राहिला. दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून, गुडघे ताठ ठेवून तो उभा राहिला की कटी डावीकडे कलते. पाठीचा कणा कटीच्या मध्यावर उभा असल्याने तो दोन नव्हे, निम्मा म्हणजे साधारण एक सेंटिमीटर खाली येतो. तोल साधताना कणाही थोडा वाकतो, त्यात आणखी काही मिलिमीटर जातात. मुलाने उजवा गुडघा वाकवला तर मात्र पूर्ण दोन सेंटिमीटर कमी भरतात. म्हणून आधी गुडघे पाहावेत.

योग्य रीत सोपी आहे. मागे उभे राहून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर दोन्ही हात ठेवावेत आणि कडा समपातळीत येईपर्यंत आखूड पायाखाली पातळ फळ्या सरकवाव्यात. मग उंची घ्यावी. लांब पाय जमिनीवरच असल्याने फळीची जाडी वजा करायची नाही, फक्त नोंदवायची.

ही नोंद फार मोलाची आहे. आधी फळीसह १३२ आणि सहा महिन्यांनी फळीविना १३३.८ सेंटिमीटर भरले, तर वाढ १.८ दिसते, खरी असते सुमारे २.८. वाढ खुंटल्याची शंका विनाकारण येते.

खुब्याचा सांधा आखडलेला असेल किंवा कटीच असमान असेल, तर फळीही फसवते. तिथे पूर्ण पायांचा एक्स-रे लागतो.