चढती पाचर खाली का फुटते?

शेअरचा भाव वर चाललेला असतो, प्रत्येक उच्चांक आधीच्यापेक्षा वरचा असतो, प्रत्येक तळही आधीच्यापेक्षा वर असतो. तरीही चार्ट वाचणारी अनुभवी माणसे अशा चालीकडे कधीकधी संशयाने पाहतात. उच्चांकांना जोडणारी एक रेषा आणि तळांना जोडणारी दुसरी रेषा काढली, आणि दोन्ही वर जाता जाता एकमेकींच्या जवळ येत असल्या, की त्या आकृतीला ‘रायझिंग वेज’ म्हणजे चढती पाचर म्हणतात. दोन्ही रेषा खाली उतरत जवळ येत असतील तर ती ‘फॉलिंग वेज’, उतरती पाचर. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांच्या १९४८ सालच्या ‘टेक्निकल ॲनालिसिस ऑफ स्टॉक ट्रेंड्स’ या पुस्तकाने ही आकृती चार्ट पाहणाऱ्यांच्या नेहमीच्या शब्दसंग्रहात रुजवली. चढती पाचर बहुधा खाली फुटते आणि उतरती बहुधा वर, हा तिचा ओळखीचा गुण. तो का, हे आकड्यांवरून चांगले कळते.

एक काल्पनिक शेअर घेऊ. तो २०० रुपयांवरून निघाला आणि दहा सत्रांत २३० वर गेला. तिथून २१६ वर आला, पुन्हा २३८ ला गेला, २३२ पर्यंत उतरला आणि पन्नासाव्या सत्राला २४६ वर पोहोचला. तीन तळ आणि तीन उच्चांक, म्हणजे रेषा काढायला पुरेसे बिंदू. आता नीट पाहा. प्रत्येक तळ आधीच्यापेक्षा १६ रुपयांनी वर आहे, पण प्रत्येक उच्चांक फक्त ८ रुपयांनी. पहिली चढण ३० रुपयांची होती, दुसरी २२ ची, तिसरी १४ ची. खरेदीदार अजून येत आहेत आणि घसरण लवकर थोपवत आहेत, पण वर नेण्याची त्यांची ताकद दर फेरीला कमी होते आहे. जुने धारक थोडा भाव मिळताच विकून मोकळे होत आहेत.

याचा परिणाम शेवटी आलेल्या खरेदीदारांवर होतो. २३५ ते २४५ च्या पट्ट्यात ज्यांनी शेअर घेतला, त्यांच्या हाती नफा नाममात्र असतो. त्यांचे स्टॉप लॉस खालच्या रेषेच्या जरा खाली गर्दी करून बसलेले असतात. भाव तिथे पोहोचला की एकाची विक्री दुसऱ्याचा स्टॉप लॉस ओढते. वरच्या बाजूला मात्र अशी अडकलेली गर्दी नसते. तिथे भाव वाढायला दरवेळी नवा पैसा लागतो.

दुसरे कारण भूमितीचे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. आपल्या शेअरची खालची रेषा सत्रामागे ८० पैशांनी वर सरकते. पन्नासाव्या सत्राला ती २४० वर आहे, त्रेपन्नाव्या सत्राला २४२ रुपये ४० पैशांवर. समजा २४६ चा उच्चांक करून भाव २४२ वर आला आणि तिथेच तीन दिवस रेंगाळला. कुणी घाबरून विकले नाही, भाव पडलाही नाही, तरी रेषाच वर सरकून भावाच्या डोक्यावरून निघून गेली आणि चार्टवर ‘ब्रेकडाउन’ दिसू लागला. पाचरीत टिकून राहायला भावाला सतत वाढत राहावे लागते. नुसते थांबणेही खालच्या बाजूने फुटणे ठरते. उताराविरुद्ध फुटण्याचे प्रमाण जास्त दिसते, त्यातला काही भाग निव्वळ या रचनेमुळे येतो.

म्हणूनच रेषा ओलांडली एवढ्यावर निर्णय घेणे धोक्याचे. ओलांडण्यामागे थकवा आहे की खरी विक्री, हे उलाढाल सांगते. आपल्या उदाहरणात पहिल्या चढणीत रोज सरासरी १० लाख शेअरचे व्यवहार झाले, दुसऱ्या चढणीत ७ लाखांचे आणि तिसऱ्यात साडेचार लाखांचे. भाव नवे उच्चांक करतो आहे, पण त्यात भाग घेणारे कमी होत आहेत. ही आटत जाणारी उलाढाल हाच अस्सल पाचरीचा पहिला पुरावा. चढणीबरोबर उलाढालही वाढत असेल, तर ती पाचर म्हणून वाचण्याची घाई करू नये. मागणी अजून जिवंत आहे.

पुढे त्रेपन्नाव्या सत्राला भाव २४१ वर बंद झाला, उलाढाल ४ लाख. रेषा मोडली, पण हा निकाल नव्हे, इशारा आहे. पंचावन्नाव्या सत्राला ११ लाखांच्या उलाढालीसह तो २३३ वर आला, तेव्हा विकणारे खरोखर जागे झाल्याचे दिसले. यानंतरही आधीचा तळ, म्हणजे २३२, पाहायचा. तो आडवा आधार आहे. काळ सरकला म्हणून तो सरकत नाही. त्याच्या खाली बंद भाव मिळाला, तर पाचर फुटली असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. बरेच जण यानंतर पाचर जिथून सुरू झाली तो भाव, इथे २००, हे लक्ष्य मानतात; पण तो अंदाज आहे, हमी नाही. उलट भाव मोठ्या उलाढालीसह वरच्या रेषेपलीकडे गेला आणि तिथेच टिकला, तर आकृती चुकली असे मानून विषय सोडून द्यावा.

उतरत्या पाचरीत भूमिती तीच, फक्त उलटी: भाव थांबला तरी वरची रेषा खाली येऊन त्याला ‘ब्रेकआउट’ देते. पण उलाढालीचा नियम इथे अधिक कडक आहे. भाव पडायला खरेदीदारांनी हात आखडता घेतला तरी पुरते, म्हणून चढती पाचर कमी उलाढालीतही खाली घसरू शकते. भाव वर जायला मात्र कुणीतरी पैसा घेऊन पुढे यावे लागते. उतरत्या पाचरीत उलाढाल आटणे म्हणजे विकणारे संपत आले. घेणारे आले असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे जास्त उलाढाल नसलेला वरचा ब्रेकआउट अनेकदा पुन्हा पाचरीत परततो.

उलाढालीचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. एका मोठ्या ब्लॉक डीलने, तिमाही निकालाच्या दिवशी किंवा निर्देशांकात शेअरचा समावेश झाल्याने ती एकाच दिवशी फुगू शकते. राष्ट्रीय शेअर बाजार रोजच्या उलाढालीबरोबर डिलिव्हरीचे प्रमाणही देतो. उलाढाल दुप्पट झाली, पण डिलिव्हरीचे प्रमाण घसरले, तर त्या वाढीचा मोठा भाग त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांचा असतो. बोनस किंवा स्प्लिटनंतर जुने भाव आणि जुनी उलाढाल दोन्ही त्या प्रमाणात बदलून घेतल्याशिवाय तुलना करू नये. ज्या शेअरमध्ये रोज जेमतेम काही हजार शेअर हलतात, तिथे हा सगळा खटाटोप व्यर्थ; एका माणसाची खरेदीही तिथे आकृती घडवते.

पाचर दिसली की प्रत्येक रेषेला किमान दोन, शक्यतो तीन ठिकाणी भाव खरोखर टेकला आहे का, हे आधी पाहा, मग उलाढाल आटली का ते तपासा, आणि फुटल्यावर ती परतली का ते पाहा. तिन्हींपैकी एकही उत्तर नाही असेल, तर ती आकृती चार्टवर नाही, आपण ओढलेल्या रेषांत आहे असे समजा आणि पैसे लावू नका.