मामांच्या दुकानातली पाटी

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही अलिबागच्या मामांकडे आला आहात. पोयनाडच्या पुढे रस्त्याला लागून त्यांचं दुकान आहे. दारात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, आत कोकम, वाल, पापड आणि एका बाजूला सुकी मासळी. काउंटरमागे एक इंग्रजी पाटी आहे. मुंबईच्या पाहुण्यांसाठी म्हणून कुणीतरी छापून दिलेली. मामा म्हणतात, "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना? मग एवढं मराठीत करून दे. चार तर ओळी आहेत."

दुकानाच्या नावाचा प्रश्न आधीच मिटलेला असतो. २०२२ साली महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि छोट्या दुकानांनाही मराठी नामफलक सक्तीचा झाला. त्यातली देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली होती. पण नाव म्हणजे नाव. ते देवनागरीत लिहिलं की झालं, 'गोल्डन' आहे म्हणून कुणी त्याचं 'सोनेरी' करत नाही. सूचनेचं तसं नसतं. ती वाचून समोरच्या माणसाने काहीतरी करायचं असतं, किंवा करायचं थांबायचं असतं.

हान्स फर्मेयर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९७८ साली भाषांतराबद्दल नेमकी हीच बाजू मांडली. मूळ मजकुरात काय लिहिलंय यापेक्षा नवा मजकूर कुणासाठी आहे आणि त्याने काय काम करायचंय, हे आधी ठरवा, असं त्याचं म्हणणं. मामांच्या पाटीला हे लावून बघू. चार ओळी आहेत, आणि चारही ओळींना मूळ इंग्रजीपासून वेगवेगळं अंतर लागतं.

पहिली ओळ कांद्याची. 'अनियन्स सोल्ड ओन्ली बाय द बंच.' शब्दकोश उघडलात तर 'बंच'ला जुडी, घड, गुच्छ असे पर्याय मिळतील. पण जुडी मेथीची असते, घड केळ्यांचा आणि गुच्छ फुलांचा. पांढरा कांदा इथे माळेत विणून विकतात, म्हणून त्याला शब्द एकच, 'माळ'. तो तुम्हाला शब्दकोशात नाही, दारात टांगलेला सापडतो. पुढे मामांना विचारा, ही ओळ लावली का? ते सांगतील, "लोक येतात आणि माळेतले चारच कांदे तोडून द्या म्हणतात." म्हणजे पाटीने थांबवायचंय ते हे तोडणं. मग मराठीत सरळ लिहा, 'कांद्याची माळ अख्खीच मिळेल. तोडून देत नाही.' मूळ इंग्रजीत 'तोडणं' कुठेच नव्हतं. तरीही भाषांतर बरोबर आहे, कारण मालकाला जे म्हणायचं होतं तेच त्यात आलं.

दुसरी ओळ सोपी वाटते आणि तिथेच फसायला होतं. 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक ऑर एक्स्चेंज्ड.' याचं मराठी तुम्हाला तोंडपाठ आहे: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' शब्दाला शब्द जुळतो, सगळ्या बाजारपेठेला ओळखीचा आहे, चुकलं काहीच नाही. अडचण कायद्याची आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यावा लागतो. म्हणजे तुमचं अचूक भाषांतर मामांना अडचणीत आणू शकतं.

मग काय, ओळ गोड करायची? 'काही अडचण असल्यास आमच्याशी मोकळेपणाने बोला' असं लिहिलंत, तर रविवारी संध्याकाळी कुणीतरी घरी आवडलं नाही म्हणून अर्धं पाकीट संपवलेलं कोकम घेऊन हजर होईल आणि पाटीकडे बोट दाखवेल. मराठी ढंगाच्या नावाखाली तुम्ही मामांच्या वतीने एक वचन देऊन बसलात आणि ते निभवायचं मात्र मामांनी. ही मर्यादा लक्षात ठेवा. शब्द, क्रम, सूर हे तुमच्या हातात आहे. पैसे, मुदत आणि हमी मालकाच्या हातात. तिथे बदल हवा असं वाटलं तर पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं.

विचारलंत की मामा म्हणतील, "आवडलं नाही म्हणून परत आणलं तर मी नाही घेणार. पण सुकटीला वास आला, पापडात किडे निघाले, तर मी कशाला नाही म्हणू? आठ दिवसांत घेऊन यावं." झालं, ओळ तयार: 'पसंत नाही म्हणून माल बदलून मिळणार नाही. खराब निघाल्यास बिल घेऊन ८ दिवसांत या, पैसे परत देऊ.' फक्त एक करा. ही आठ दिवसांची मुदत मामांच्या बिलबुकावरही छापून घ्या, कारण कायदा बिलावरची मुदत बघतो, भिंतीवरची नाही.

तिसरी ओळ, 'क्लोज्ड इन ऑफ सीझन.' शब्दशः गेलात तर 'बिगरहंगामात बंद'. पण कुठला हंगाम? कांद्याचा हंगाम उन्हाळा सरता सरता आटोपतो. पर्यटकांचा हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना. कोळीवाड्यात पावसाळी मासेमारी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात जातात. मामांना विचारलंत तर उत्तर येईल, "जून लागला की बंद. नारळी पौर्णिमा झाली की उघडतो." इतकं अस्सल स्थानिक उत्तर मिळाल्यावर ते तसंच उचलायचा मोह होतो. रेवदंड्याच्या मावशीला ते पुरेल. पण पुण्याहून आलेल्या मुलाला नारळी पौर्णिमा कधी असते ते कॅलेंडर बघूनच कळणार, कारण श्रावणातली ही पौर्णिमा दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. म्हणून दोन्ही लिहा. सण लिहा आणि त्यापुढे यंदाची तारीख चिकटवायला जागा ठेवा. स्थानिक खूण आणि साधी माहिती यांच्यात निवड करायची गरज नसते. खूण जवळीक देते, तारीख फुकटचा हेलपाटा वाचवते.

चौथी ओळ कॅमेऱ्याची. दुकानावर सीसीटीव्हीची नजर आहे, चोरी करणाऱ्यांवर खटला भरला जाईल, अशा अर्थाची. इंग्रजीत ही ओळ इतकी सरावाची झालीय की ती कुणाला टोचत नाही. मराठीत 'चोरी करणाऱ्यांवर खटला भरला जाईल' असं काउंटरवर वाचलं की उभ्या गिऱ्हाइकाला वाटतं, हे मलाच म्हणतायत. इथे अर्धी ओळ गाळलेलीच बरी. 'दुकानात सीसीटीव्ही सुरू आहे' एवढ्यावर काम होतं. पण गाळण्याआधी हेही मामांना सांगा. गुपचूप गाळलेली ओळ आणि विचारून गाळलेली ओळ कागदावर सारखी दिसते, भांडणाच्या वेळी मात्र फरक कळतो.

आता दोन खड्डे. पहिला हिंदीचा. अनेकदा पाटी इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येते. लिपी एकच असल्यामुळे चुकलेला शब्द डोळ्याला खटकत नाही. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे पूर नाहीतर वादळ. 'कुणाला आपत्ती असल्यास मालकांना भेटा' असं लिहिलंत, तर मामांचं दुकान मदत केंद्र होईल.

दुसरा खड्डा हौसेचा. मराठी करायचं म्हणजे पुणेरी पाटी करायची, असं आपल्याला उगाच वाटतं. 'हात धुतले असतील तरच मालाला हात लावावा' हे फोटो काढायला छान आहे, पण सुकटीवर घासाघीस करणाऱ्या बाईला तो टोमणाच वाटेल. आगरी बोलीचंही तसंच. मामांचं घर आगरी, त्यामुळे दारावर स्वागताची एक ओळ त्यांच्या बोलीत शोभेल, आणि ती त्यांनीच सांगावी. पैसे परत देण्याची ओळ मात्र प्रमाण मराठीत, साध्या शब्दांत. जी ओळ चुकीची समजली तर कुणाचं नुकसान होईल, तिथे बोलीचे प्रयोग नकोत.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. कागद दोन अनोळखी माणसांना वाचायला द्या, एक गावातला, एक बाहेरून आलेला. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, 'घरी गेल्यावर पापड खराब निघाले तर तुम्ही काय कराल?' दोघांनी 'बिल घेऊन आठ दिवसांत येऊ' असं सांगितलं, तर ओळ पास. एकजण 'आता काय, गेले पैसे' म्हणाला, तर ओळ पुन्हा लिहा, मग तुमचं मराठी कितीही सुंदर असो.

शेवटी पाटी अशी झाली:

'कांद्याची माळ अख्खीच मिळेल. तोडून देत नाही.
पसंत नाही म्हणून माल बदलून मिळणार नाही. खराब निघाल्यास बिल घेऊन ८ दिवसांत या, पैसे परत देऊ.
जून लागला की दुकान बंद. नारळी पौर्णिमेनंतर उघडेल. यंदाची तारीख: ____
दुकानात सीसीटीव्ही सुरू आहे.'

मूळ इंग्रजीशी ताडून पाहिलं तर एकही ओळ जशीच्या तशी उतरलेली नाही. मामा चष्मा लावून सावकाश वाचतात आणि म्हणतात, "हे तर मी रोज तोंडाने सांगतो तेच आहे."

मग पाटी छापायला द्यायला हरकत नाही.